दावीद, अबशालोम आणि बाप-लेकाची बैठक

"माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. मी कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, आठवड्यातल्या तीनच संध्याकाळी घरी असतो. त्या दिवशी जेवणानंतर त्याला बायबल घेऊन बसवतो, पण 'आईबापांच्या आज्ञेत राहा' हे वचन काढले की तो मान खाली घालून गप्प होतो. मग मी चिडतो आणि प्रार्थना न करताच उठतो. पाळक म्हणतात घरी वचनाचा अभ्यास घ्या. नेमके काय वाचू आणि कसे घेऊ?"

जय ख्रिस्त दादा. गेली सतरा-अठरा वर्षे मी आमच्या मंडळीत बाप आणि मुलगे यांच्या बैठका घेतो. त्याआधी माझ्याच घरी मी तुमच्यासारखाच अभ्यास घेत होतो आणि तुमच्यासारखाच उठून जात होतो. म्हणून आधी वचनाबद्दल बोलतो.

इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातली पहिली तीन वचने मुलांना लिहिली आहेत. चौथे वचन बापांना लिहिले आहे: मुलांना चिरडीस आणू नका. आपण घरी मुलाचे वचन मुलाला वाचून दाखवतो आणि आपल्या वाट्याच्या वचनाआधी पुस्तक मिटतो. मुलाला हे कळते. पंधरा वर्षांचा मुलगा चौथे वचन शोधून ठेवतो, फक्त तोंडाने म्हणत नाही. कलस्सैकरांस ३:२१ मध्ये तीच आज्ञा पुन्हा आहे आणि तिथे कारणही दिले आहे, मुले खिन्न होऊ नयेत म्हणून. तुमचा मुलगा मान खाली घालतो ते मला उद्धटपणाचे लक्षण वाटत नाही. पौलाने 'खिन्न' म्हटले आहे ते हेच असावे.

म्हणून काही दिवस आज्ञेची वचने बाजूला ठेवा आणि एक गोष्ट घ्या, जिच्यात बाप चुकतो. मी पहिल्या महिन्यासाठी बहुतेक वेळा २ शमुवेलातले दावीदाचे घर घेतो, अध्याय १३ ते १९. उधळ्या पुत्राची गोष्ट आधी का नाही, असे विचाराल. त्या गोष्टीत बाप निर्दोष आहे, त्यामुळे ती आधी वाचली की बाप आपोआप त्या जागी जाऊन बसतो आणि मुलगा उधळा ठरतो. दावीदाच्या घरी तशी सोय नाही. तो देवाच्या मनासारखा माणूस होता, स्तोत्रे रचणारा होता आणि बाप म्हणून फार कमी पडला. मंडळीत पुढे बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जवळून वाचायला हवे.

मुलाला बसवण्याआधी हे अध्याय एकट्याने दोनदा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. दावीद मुलाशी स्वतः बोलला तिथे एक खूण करा, आणि त्याने निरोप पाठवला किंवा दुसऱ्याकडून काम करवून घेतले तिथे वेगळी खूण करा. अध्याय ११ पासून सुरू केलेत तर आणखी एक गोष्ट दिसेल. दावीद राजवाड्याच्या धाब्यावर फिरत असताना त्याची नजर बथशेबेवर गेली (११:२). पुढे त्याचा मुलगा अबशालोम याचा तंबू लोकांच्या देखत धाब्यावरच ठोकला जातो (१६:२२). मुलगा बापाचे बोलणे किती ऐकतो ते मला सांगता येणार नाही, पण बाप कुठल्या धाब्यावर फिरतो हे तो पाहून ठेवतो. हा भाग मुलाबरोबर वाचायचा नाही, तो तुमच्यासाठी आहे.

आता बैठकीची रीत. आठवड्यातून एकदाच बसा. तुमच्या तीन संध्याकाळींपैकी एक अभ्यासाला द्या आणि उरलेल्या दोन दिवशी बायबल काढू नका. पंचवीस मिनिटांवर जाऊ नका. दोघांच्या हातात वेगवेगळी भाषांतरे असू द्या, तुमच्याकडे बायबल सोसायटीची जुनी प्रत आणि त्याच्याकडे सोप्या मराठीतली. जिथे दोन प्रतींत फरक दिसतो तिथे मुलगा आपण होऊन बोलतो, कारण बापाच्या प्रतीत वेगळे आहे हे सांगण्यात त्याला मजा वाटते. २ शमुवेल १५:७ मध्ये काही प्रतींत 'चाळीस वर्षांनी' आणि काहींत 'चार वर्षांनी' आहे. माझ्या बैठकीत एका मुलाने पहिले वाक्य उच्चारले ते हा फरक सांगायलाच. वाचन निम्मे त्याने करावे, निम्मे तुम्ही. पहिला प्रश्न त्याने तुम्हाला विचारायचा आणि तुम्ही उत्तर द्यायचे. तुमचा प्रश्न नंतर. एवढाच नियम ठेवा, पण तो मोडू नका.

पहिली बैठक १३ व्या अध्यायाची. त्यात दावीदाचा मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर केलेला बलात्कार आहे. बारा-तेरा वर्षांखालचा मुलगा असेल तर मी हा अध्याय घेत नाही, थेट १४ पासून सुरू करतो. तुमचा मुलगा पंधराचा आहे. शाळेत आणि मोबाइलवर त्याने याहून वाईट ऐकले-पाहिले असणार, पण बापाबरोबर त्याबद्दल एक वाक्यही बोलले गेले नसेल. पहिली वीस वचने मोठ्याने वाचू नका, तुमच्या शब्दांत चार वाक्यांत सांगा. अम्नोन आजाराचे सोंग घेतो. दावीद त्याला पाहायला येतो. मुलगा म्हणतो, तामारेने येऊन माझ्यासमोर पोळ्या कराव्यात. दावीद काहीही न विचारता तामारेला निरोप धाडतो. बापानेच मुलीला त्या घरात पाठवले, त्याला काही ठाऊक नव्हते तरी.

मग २१ वे वचन वाचा. हे सगळे ऐकून दावीद राजा फार संतापला. इथे थांबा आणि मुलाला पुढच्या वचनात दावीद काय करतो ते शोधायला सांगा. तो शोधेल आणि त्याला काही सापडणार नाही. पुढचे वचन अबशालोमाबद्दल आहे: तो अम्नोनाशी बरे-वाईट काहीच बोलला नाही. दावीदाच्या रागाचे पुढे काय झाले ते सांगितलेलेच नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या शमुवेलाच्या एका गुंडाळीत इथे आणखी एक ओळ आहे. दावीदाने अम्नोनाचे मन दुखवले नाही, कारण तो त्याचा थोरला मुलगा होता आणि त्याच्यावर त्याची प्रीती होती, अशा अर्थाची. ही ओळ आपल्या बहुतेक प्रतींत नाही, पण बापांना ती लगेच ओळखीची वाटते.

या बैठकीत तामार विसरू नका. बापाच्या गप्प बसण्याचा पहिला घाव तिच्यावर पडला. ती भाऊ अबशालोम याच्या घरी उजाड होऊन राहिली आणि भावानेही तिला सांगितले ते गप्प राहायलाच. पुढे १४:२७ मध्ये एक छोटी नोंद आहे, अबशालोमाने आपल्या मुलीचे नाव तामार ठेवले. घरात कोणी तिचे नाव काढत नसताना एकाने ते आपल्या मुलीला दिले. हे मुलाला सांगा. बाप-मुलगा अभ्यास म्हटला की घरातल्या बायका गोष्टीतूनही गळतात. मुलाला बहीण असेल, वर्गात मुली असतील, तर तुम्ही त्यांच्याबद्दल कसे बोलता हे तो याच बैठकीत तोलून पाहतो.

दुसरी बैठक माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, तिला घाई करू नका. एक कागद घ्या आणि मुलाला आकडे लिहायला लावा. अम्नोनाच्या कृत्यानंतर अबशालोम किती थांबला? पूर्ण दोन वर्षे (१३:२३). मग मेंढरे कातरण्याच्या मेजवानीत त्याने अम्नोनाला मारवले आणि आपल्या आजोळी, गशूरच्या राजाकडे पळाला. तिथे किती राहिला? तीन वर्षे (१३:३८). मग दावीदाचा सेनापती यवाब याने युक्तीने राजाचे मन वळवून त्याला यरुशलेमात परत आणले, पण दावीद म्हणाला, त्याने आपल्या घरी जावे, माझे तोंड पाहू नये. एकाच शहरात, बापाचे तोंड न पाहता तो किती राहिला? पूर्ण दोन वर्षे (१४:२८). मुलगा बेरीज करेल. सात.

या सात वर्षांत दावीदाचे मन मुलाकडे ओढ घेत होते की त्याचा राग सरत होता, यावर १३:३९ ची भाषांतरे एकमत नाहीत. पण १४:१ मध्ये यवाबाला राजाच्या मनाचा कल अबशालोमाकडे आहे हे कळले असे लिहिले आहे. सेनापतीला कळले. मुलाला कळायला काही मार्ग नव्हता.

इथे मी बापांना सहनशीलतेबद्दल सांगतो, कारण तुम्हीही चिडण्याबद्दल लिहिले आहे. आपल्या शास्त्रात देवाला 'मंदक्रोध' म्हटले आहे, निर्गम ३४:६. मंदक्रोध म्हणजे रागच नसलेला असा अर्थ नाही, ज्याचा राग सावकाश येतो तो. दावीदाचा राग झटकन आला, फार मोठा आला, आणि त्यातून काहीच निघाले नाही. मग तो सात वर्षे 'सहन' करत राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला तो संयमी राजा वाटला असेल. माझ्याकडे येणारे निम्मे बाप असेच सांगतात, मी काही बोललो नाही, मी सहन केले. मी विचारतो, किती दिवस? आणि परत कधी बोललात? सहन केले असेल तर माणूस त्या विषयाकडे परत येतो, आज नाही तर दोन दिवसांनी, आवाज खाली आल्यावर. परत आलाच नाही तर तो टाळत होता. इफिसकरांस ४:२६ मध्ये रागावर सूर्य मावळू देऊ नका असे आहे. तुमची रात्रपाळी असते, म्हणून तुमच्यासाठी मी असे धरेन: पुढच्या ड्यूटीला निघण्याआधी. 'काल मी प्रार्थना न करता उठलो, ते माझे चुकले' एवढे सांगायला अर्धा मिनिट लागतो. त्याला 'पण तूही...' जोडू नका.

दुसऱ्या बैठकीचा मुख्य प्रश्न २ शमुवेल १४ मधल्या २९ ते ३२ वचनांतला. दोन वर्षांनी अबशालोम यवाबाला बोलावतो, तो येत नाही. पुन्हा बोलावतो, येत नाही. तेव्हा तो चाकरांना सांगतो, माझ्या शेजारी यवाबाचे सातूचे शेत आहे, ते पेटवून द्या. आता यवाब धावत येतो. अबशालोम म्हणतो, मला गशूरहून आणले तरी कशाला, तिथेच बरा होतो. मला राजाचे तोंड पाहू दे, माझा अपराध असेल तर तो मला मारून टाको.

मुलाला विचारा, शेत का जाळले? हा प्रश्न मी पन्नासेक मुलांना विचारला असेल. मोठी माणसे अडखळतात, मुले अडखळत नाहीत. मग विचारा, तू कधी सातू जाळलास का? उत्तर लगेच आले नाही तर थांबा. पाणी प्या. प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नका.

एका घराची गोष्ट सांगतो, बाप आणि मुलगा दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे सोडून. बाप बस चालवतो, आठवड्यात तीन-चार मुक्कामी ड्यूट्या. मुलगा चौदाचा. मुलाने मंडळीच्या गायनगटात जाणे सोडले होते आणि दोनदा शाळेतून वडिलांना बोलावणे आले होते. दुसऱ्या बैठकीत मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, शाळेतून बोलावले की तुम्ही रजा टाकून येता.

यापेक्षा स्पष्ट वाक्य मी बैठकीत ऐकलेले नाही. आणि बापाने काय केले? म्हणाला, "मग तेव्हाच तोंड उघडून का नाही सांगितलेस?" बैठक तिथेच संपली. त्या बापाचा मला राग आला नाही, कारण मीही हेच म्हणालो असतो. मुलाने दार किलकिले केले की बापाला आधी अपमान झाल्यासारखे वाटते आणि तो उलटतपासणी सुरू करतो. पुढच्या आठवड्यात मुलगा आला, पण प्रत्येक प्रश्नाला त्याची उत्तरे होती 'प्रेम', 'क्षमा', 'देवावर विश्वास'. ही शब्बाथशाळेची उत्तरे. ती येऊ लागली की समजा, मुलाने दार लावले आहे आणि आतून चांगल्या मुलाचा आवाज काढतो आहे. अभ्यास बरा चालला आहे असे त्यावरून समजू नका.

मी त्या बापाला बैठक दोन आठवडे थांबवायला सांगितले. त्याऐवजी त्याने एक काम करायचे. ड्यूटीचा तक्ता हातात आला की घरी कॅलेंडरवर आपल्या घरी असण्याच्या रात्री पेनने लिहायच्या आणि मुलाला दाखवायच्या. लिहिलेली रात्र चुकणार असेल तर बायकोकडून निरोप नाही, स्वतः मुलाला फोन. पहिल्याच आठवड्यात एक रात्र चुकली, गाडी रस्त्यात बंद पडली. त्याने रात्री साडेदहाला फोन केला. मुलगा म्हणाला, "बरं." एवढेच. पण पुढच्या आठवड्यात कॅलेंडरवर मुलाने स्वतः एका तारखेला गोल केला, त्याच्या सामन्याची तारीख. बाप ड्यूटी बदलून गेला, निम्मा सामना संपल्यावर पोहोचला. मग आम्ही बैठक पुन्हा सुरू केली. त्या मुलाने अजून गायनगटात नाव घातलेले नाही आणि तो फार बोलतही नाही. पण शाळेतून बोलावणे आलेले नाही.

तुमच्या तीन संध्याकाळींबद्दल हेच सांगेन. अनुवाद ६:७ मध्ये मुलांना वचन शिकवण्याच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजताना आणि उठताना. चारांपैकी एकच वेळ बसण्याची आहे. मुलाला क्लासला गाडीवर सोडणे 'मार्गाने चालत असता' मध्ये येते. तेव्हा वचनच बोलले पाहिजे असे नाही. उरलेल्या दोन संध्याकाळी नुसते घरी असा, मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवून. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर कांदा चिरा.

तिसरी बैठक छोटी, १५:१ ते ९. अबशालोम पहाटे उठून वेशीच्या रस्त्याच्या कडेला उभा राहतो. राजाकडे न्यायासाठी चाललेल्या माणसाला थांबवतो, कोणत्या गावचा म्हणून विचारतो, त्याची फिर्याद ऐकतो. म्हणतो, तुझी बाजू खरी आहे, पण राजाच्या वतीने तुझे ऐकणारा कोणी नाही. माणूस नमस्कार करायला वाकला की त्याला धरून त्याचे चुंबन घेतो. अशा रीतीने त्याने इस्राएलाची मने चोरली. माझे वाचन असे आहे, आणि ते माझेच आहे असे समजून तोलून पहा: सात वर्षे त्याला जे मिळाले नाही, तेच तो वेशीवर वाटत होता. त्याला कोणी विचारले नव्हते, कोणी ऐकले नव्हते. आधीच्या अध्यायाच्या शेवटी दावीदाने त्याला शेवटी भेटीला बोलावले खरे, पण ते वचन पुन्हा वाचा (१४:३३). तो राजाकडे आला, राजापुढे जमिनीपर्यंत लवला, राजाने अबशालोमाचे चुंबन घेतले. वचनात 'बाप' हा शब्द नाही, आणि दोघांचा एकही शब्द लिहिलेला नाही. चुंबन झाले, विषय निघाला नाही.

सातव्या-आठव्या वचनांत अबशालोम नवस फेडायला हेब्रोनाला जातो असे खोटे सांगून परवानगी मागतो. नवव्यात दावीद म्हणतो, शांतीने जा. दावीद अबशालोमाशी बोलला म्हणून लिहिलेले हे शेवटचे वाक्य. त्याआधी अम्नोनाच्या पोळ्यांचे मागणे आणि मेंढरे कातरण्याचे आमंत्रण आले होते. या तिन्ही वेळी मुलाने मागितले आणि बापाने दिले. मेजवानीच्या वेळी दावीदाने 'त्याने तुझ्याबरोबर का जावे' असे विचारले होते, पण मुलाने आग्रह धरताच सोडून दिले. मागितले ते देणारा बाप जवळचा वाटतो. मोबाइल मागितला, दिला. गाडी मागितली, दिली. 'कशासाठी' हे विचारून उत्तर येईपर्यंत बसायला वेळ लागतो, आणि शिफ्टवरून आलेल्या माणसाकडे तोच नसतो, हे मला कळते.

दावीदाला यातून काही उमगले का? १ राजे १:५-६ काढा. म्हातारपणी अदोनीया उठतो. रथ, स्वार आणि पुढे धावणारी पन्नास माणसे घेऊन, अगदी अबशालोमासारखीच, तीच पन्नास. तिथे सांगितले आहे की तू असे का केलेस असे विचारून त्याच्या बापाने त्याला जन्मात कधी दुखवले नव्हते. मुलाला ही दोन वचने शोधायला द्या, तो पन्नास हा आकडा ओळखतो.

चौथ्या बैठकीत एक धोका आहे, तो आधी सांगतो. बापाविरुद्ध बंड करून लढताना अबशालोम एला झाडात अडकून मेला, आणि आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत की बापाविरुद्ध जाणाऱ्याचे असे होते. बैठकीत हे वाक्य निघाले की तीन आठवड्यांचे काम गेले. तुमच्या तोंडून नाही निघाले तर आजीच्या तोंडून निघेल, म्हणून शक्यतो दोघेच बसा. (जाता जाता: त्याचे केस अडकले असे सगळे म्हणतात. त्याच्या केसांच्या वजनाची गोष्ट १४:२६ मध्ये आहे, पण १८:९ मध्ये डोके अडकले असे लिहिले आहे. मुलांना हा प्रश्न घाला, पाळकही चुकतात.)

मरणाचा भाग सोडून १८:२४ पासून १९:८ पर्यंत वाचा. गाव महनाईम. दावीद दोन वेशींच्या मध्ये बसून वाट पाहतो. निरोप्या आला की युद्धाचे विचारत नाही, तरुण अबशालोम खुशाल आहे ना, एवढेच दोनदा विचारतो. मग वेशीवरच्या खोलीत जाऊन रडतो. त्या एका वचनात तो 'माझ्या पुत्रा' किती वेळा म्हणतो ते मुलाला मोजायला सांगा. पाच वेळा. यरुशलेमातल्या त्या दोन वर्षांत हे शब्द मुलाला ऐकू गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मुलाला विचारू नका. तो तुमचा आहे.

आणि आता, चार आठवड्यांनी, लूक १५ काढा. मुलगा अजून दूर असताना बाप त्याला पाहतो, धावत जातो, गळ्यात पडून चुंबन घेतो. दावीदानेही चुंबन घेतले होते. दोन्ही चुंबनांत काय फरक आहे ते मुलाला सांगू द्या. एकाने सांगितलेले उत्तर मला अजून आठवते: "हा बाप आधी धावला, तिकडे मुलाला शेत जाळावे लागले." मग २८ व्या वचनावर या. थोरला मुलगा रागावून आत येत नाही आणि बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. त्या एका दिवसात बाप दोनदा घराबाहेर पडला, दोन वेगळ्या मुलांसाठी. बापाच्या शेवटच्या बोलण्यावर थोरल्याने काय उत्तर दिले, तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेच नाही. तुमच्या मुलाला तिथे गोष्ट पुढे न्यायची असेल तर नेऊ द्या आणि त्याने थोरल्याला बाहेरच ठेवले तरी दुरुस्त करू नका.

एक मर्यादा सांगायला हवी. घरात दारू असेल, मारहाण असेल, किंवा मुलाने स्वतःला इजा करण्याबद्दल काही म्हटले असेल, तर यातले काहीही सुरू करू नका. तेव्हा अभ्यास हे उत्तर नाही. आधी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा, आणि पाळकांना घरी बोलवा. मारणाऱ्या बापाने मुलापुढे दावीदाची कबुली वाचली तर मुलाला ती आणखी एक मारच वाटते. मी एकदा हे उशिरा ओळखले.

तुमच्या पत्रावरून तुमचे घर तसे वाटत नाही. तुम्ही चिडून उठता आणि त्यानंतर तुम्हाला वाईट वाटते, एवढेच दिसते. तर या आठवड्यात मुलाला बसवू नका. मोकळ्या संध्याकाळी पेन्सिल घेऊन १४ वा अध्याय एकट्याने वाचा, स्वयंपाकघरात, तो येता-जाता पाहील अशा जागी. काय वाचता म्हणून त्याने विचारले तर सांगा, "एकाने शेत का जाळले ते शोधतोय." नाही विचारले तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसा.